ऐपत आहे, मग पत कशी घसरली?

*मी 38 वर्षांची नोकरदार स्त्री आहे. अंगावर एकही कर्ज नाही, बँकेत चांगली शिल्लक आहे. क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरते, आजवर एकदाही तारीख चुकवलेली नाही. घर घ्यायचं ठरलं तेव्हा व्यवहार सुटसुटीत असावा म्हणून दोनपैकी जुनं कार्ड बंद करून टाकलं. त्याच सुमारास एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च उरलेल्या कार्डावर केला आणि तोही वेळेत फेडला. तरी स्कोअर 790 वरून 731 वर आला आणि गृहकर्जाचा दर साडेआठऐवजी नऊ टक्के सांगण्यात आला. चिडून मी आणखी तीन ठिकाणी अर्ज केले. मैत्रीण म्हणते, कार्डाचं थोडं बिल बाकी ठेवत जा आणि एखादं छोटं कर्ज काढ, म्हणजे स्कोअर वाढेल. उधारी न करणाऱ्या माणसाला ही शिक्षा कशासाठी?*

आपल्या भाषेत ‘ऐपत’ आणि ‘पत’ हे दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्यातल्या फरकात आहे. ऐपत म्हणजे तुमच्याकडे काय आहे. पत म्हणजे दिलेलं परत येईल असा समोरच्याला वाटणारा भरवसा, आणि तो फक्त आधीच्या देण्याघेण्यावरून बांधता येतो. क्रेडिट स्कोअर पत मोजतो. तुमचा पगार किती, बँकेत किती शिल्लक आहे, दागिने किंवा ठेवी आहेत का, यातलं काहीही त्याच्या हिशेबात नसतं. क्रेडिट ब्युरोकडे कर्ज देणाऱ्या संस्था ठरावीक काळानं जे पाठवतात तेवढंच पोचतं: कोणतं खातं कधी उघडलं, मर्यादा किती, आज बाकी किती, हप्ता वेळेवर आला का, आणि नवीन कर्जासाठी कुठे अर्ज झाला. अर्ज पाहताना कर्ज देणारा तुमची ऐपतही तपासतोच, पण ती वेगळ्या कागदांवरून. म्हणून ‘माझ्याकडे पैसे आहेत, तरी स्कोअर कमी कसा?’ असं विचारलं की दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

दुसरी गल्लत ‘शिक्षा’ या शब्दात आहे. मी बरीच वर्षं कर्जाचे अर्ज तपासण्याचं काम केलं. स्कोअर घसरलेला माणूस दुखावलेला असतो, हे मी जवळून पाहिलं आहे, कारण त्याला तो आपल्या सचोटीवरचा शेरा वाटतो. पण या आकड्याला तुम्ही ठाऊकच नाही. बिल फेअर नावाचे अभियंता आणि अर्ल आयझॅक नावाचे गणिती यांनी 1956 साली कर्जदारांच्या नोंदींवरून अंदाज बांधणारी कंपनी काढली. सर्वत्र वापरता येईल असा त्यांचा फायको स्कोअर 1989 मध्ये आला. तो एका साध्या प्रश्नाचं उत्तर देतो: अशा नोंदी असलेल्या माणसांपैकी किती जण पुढच्या 24 महिन्यांत कुठल्यातरी कर्जाचा हप्ता 90 दिवस किंवा त्याहून जास्त थकवतात? पुढे आलेल्या इतर पद्धतींचा गाभाही असाच आहे. 731 या आकड्याचा अर्थ तुम्ही पैसे बुडवाल असा होत नाही. तुमच्यासारख्या नोंदी असलेल्या घोळक्यात थकवणाऱ्यांचं प्रमाण 790 वाल्यांपेक्षा थोडं जास्त आढळलं आहे, एवढंच तो सांगतो. त्या घोळक्यातही बहुतेक जण वेळेवरच फेडतात.

मग कर्ज देणारे त्याच्यावर एवढे विसंबून का असतात, हे एका छोट्या हिशेबातून पाहू. शंभर जणांना प्रत्येकी एक लाख वर्षभरासाठी दिले आणि त्यातल्या दोघांकडून काहीच परत आलं नाही असं धरा. बुडालेले दोन लाख उरलेल्या 98 जणांच्या व्याजातून भरून काढायचे, तर प्रत्येकावर साधारण दोन टक्के जादा बोजा पडतो. बुडवणारे आठ असतील तर तोच बोजा 92 जणांवर पडतो आणि पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास जातो. आता देणाऱ्याला या दोन गटांत फरकच करता येत नसेल, तर त्याला सगळ्यांना मधलाच कुठलातरी दर लावावा लागेल. तो दर नेमानं फेडणाऱ्यांना महाग वाटेल आणि ते निघून जातील. थकवण्याची शक्यता असलेल्यांना स्वस्त वाटेल आणि ते राहतील. मग दर आणखी चढवावा लागेल. हे चक्र टाळण्यासाठी समोरच्याविषयी काहीतरी आधी कळणं भाग असतं. स्कोअर ते काही सेकंदांत, अगदी कमी खर्चात आणि सगळ्यांना एकाच मापानं सांगतो. पूर्वी हा निर्णय टेबलामागच्या माणसाच्या अंदाजावर असायचा. त्या अंदाजात ओळखपाळख, पेहराव, बोलण्याची ढब हे सगळं नकळत मिसळायचं. स्कोअर निर्दोष नाही, पण त्याची चूक शोधता येते आणि दुरुस्तही करता येते.

तुमच्या बाबतीत काय घडलं ते आता पाहू. पत्रात कार्डांच्या मर्यादा दिलेल्या नाहीत, म्हणून काही आकडे धरून चालते. बंद केलेल्या जुन्या कार्डाची मर्यादा दीड लाख आणि उरलेल्याची एक लाख, म्हणजे एकूण अडीच लाख. महिन्याचा नेहमीचा खर्च 40 हजार. मिळालेल्या मर्यादेपैकी तुम्ही 16 टक्के वापरत होता. जुनं कार्ड बंद केल्याबरोबर एकूण मर्यादा एक लाखावर आली आणि खर्चात एक पैसाही न वाढता तोच वापर 40 टक्के दिसू लागला. मग दुरुस्तीचा खर्च आला आणि त्या महिन्यात कार्डावर 85 हजार चढले. वापर 85 टक्के.

‘पण मी ते सगळे भरले की!’ हो, भरले. मात्र इथे दोन तारखा वेगळ्या ओळखायला हव्यात. एक स्टेटमेंट तयार होण्याची तारीख आणि दुसरी बिल भरण्याची शेवटची तारीख. समजा स्टेटमेंट 12 तारखेला निघतं आणि पैसे भरायला पुढच्या महिन्याच्या 2 तारखेपर्यंत मुदत आहे. कार्ड देणाऱ्या अनेक संस्था ब्युरोला जी बाकी कळवतात ती 12 तारखेची. त्या दिवशी कार्डावर 85 हजार होते, म्हणून ब्युरोच्या वहीत 85 हजार गेले. तुम्ही ते 1 तारखेला पूर्ण भरलेत आणि त्याची नोंद ‘वेळेवर’ अशी झालीही. पण ती परतफेडीच्या रकान्यात झाली, वापराचा रकाना तसाच राहिला. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्या माणसाच्या नावावर दर महिन्याला मोठी बाकी दिसू शकते, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणूनच तुमचं पत्र मी आधी घेतलं.

वापराला एवढं महत्त्व कशासाठी? फायकोनं आपल्या स्कोअरमधल्या भागांचं ढोबळ वजन जाहीर केलेलं आहे. परतफेडीच्या इतिहासाला 35 टक्के आणि एकूण देणं व मर्यादेचा वापर याला 30 टक्के. खात्यांचं वय, नवीन अर्ज आणि कर्जांचे प्रकार उरलेल्या वजनात येतात. कारण माणसाच्या वागण्यात आहे. पैशाची चणचण सुरू झाली की कोणी लगेच हप्ता चुकवत नाही. आधी तो कार्डाकडे वळतो, एकेक खर्च त्याच्यावर टाकतो, मर्यादा भरत येते, आणि सगळे मार्ग संपल्यावर पहिला हप्ता चुकतो. वाढता वापर ही त्या घसरणीची आगाऊ दिसणारी खूण आहे. तुमचा खर्च दुरुस्तीचा होता आणि पैसे बँकेत तयार होते, हे नोंदीत कुठेच लिहिलेलं नसतं. 85 टक्के दिसल्यावर हिशेबाला तुमच्यातला आणि खरोखर अडचणीत आलेल्या माणसातला फरक कळत नाही. ही त्याची खरी मर्यादा आहे आणि तुमची तक्रार तेवढ्यापुरती रास्त आहे.

यातली दिलासा देणारी बाजू अशी की वापराचा हा परिणाम फार टिकत नाही. बऱ्याच पद्धती फक्त शेवटी कळवलेली बाकी पाहतात. पुढच्या स्टेटमेंटमध्ये आकडा खाली आला की स्कोअरही वर सरकतो. काही नव्या पद्धती मागच्या 24 महिन्यांतला कल पाहतात, पण त्यांतही एकाच महिन्यातला उंचवटा वेगळा ओळखू येतो. वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगतात, तो एक ढोबळ अंदाज आहे. 29 वर बक्षीस आणि 31 वर दंड असं काही नसतं. जितका कमी तितकं चांगलं, आणि एकूण वापराबरोबर प्रत्येक कार्डाचा वेगळा वापरही पाहिला जातो.

जुनं कार्ड बंद केल्यानं ‘इतिहास पुसला गेला’ असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. नीट फेडून बंद केलेल्या खात्याची नोंद अहवालात पुढे कित्येक वर्षं राहते, आणि अनेक पद्धती त्याचं वयही मोजत राहतात. तुमचं नुकसान मुख्यतः गेलेल्या मर्यादेमुळे झालं. वार्षिक शुल्क नसेल तर जुनं कार्ड मोठं कर्ज घेण्याआधी बंद करू नये, ही माझी ठाम शिफारस आहे. शुल्क जाचक असेल तर खुशाल बंद करावं, पण कर्ज हाती पडल्यावर.

इथवर सगळं तुमच्या बाजूनं लिहिलं. पण एक शंका मला स्वस्थ बसू देत नाही, आणि ती त्या बंद कार्डाचीच आहे. कार्ड बंद करायचा अर्ज दिला, तोवरची बाकी भरली, आणि मग आधीच्या महिन्याचं थोडं व्याज, वार्षिक शुल्क किंवा आपोआप वळती होणारी एखादी वर्गणी मागाहून त्या खात्यावर येऊन पडली, असं मी अनेकदा पाहिलं आहे. रक्कम किरकोळ असते. स्टेटमेंट जुन्या पत्त्यावर किंवा कुणी न उघडणाऱ्या ईमेलवर जातं. त्या माणसाच्या लेखी कार्ड बंद असतं, संस्थेच्या लेखी थकलेलं. एकदा माझ्यासमोर असाच एक अर्ज आला होता. सगळ्या नोंदी स्वच्छ, आणि एका बंद कार्डावर चहापाण्याएवढी रक्कम चार महिने थकलेली. त्या गृहस्थांना ते पहिल्यांदा माझ्याकडून कळलं. रक्कम लहान आहे म्हणून नोंद सौम्य होते असं गृहीत धरता येत नाही. 90 दिवस थकलं म्हणजे 90 दिवस थकलं.

म्हणून तुमच्या घसरणीचं कारण नक्की कोणतं, हे ओळखणं आता सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी नुसता स्कोअर पुरत नाही, पूर्ण क्रेडिट अहवाल मागवा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, त्यामुळे तो संकोच नको. अहवालात प्रत्येक खात्यासमोर महिन्यागणिक रकाने असतात आणि हप्ता किती दिवस उशिरा आला ते त्यांत लिहिलेलं असतं. बंद कार्डाच्या ओळीत स्थिती ‘बंद’, बाकी शून्य आणि सगळे रकाने स्वच्छ दिसले, तर घसरण वापराची आणि अर्जांची आहे असं समजा. तिथे ‘चालू’ दिसलं, एखादी रक्कम दिसली किंवा शेवटच्या काही रकान्यांत 30, 60 असे आकडे दिसले, तर गोष्ट वेगळी. असं असेल तर त्याच दिवशी रक्कम भरा, खातं बंद केल्याचं आणि काही देणं नसल्याचं लेखी पत्र घ्या. शुल्क चुकीनं लागलं असेल तर त्या संस्थेकडे आणि ब्युरोकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही. तो कळवणाऱ्या संस्थेला विचारतो आणि तिनं मान्य केल्यावर दुरुस्ती होते. काही संस्था अशा वेळी घासाघीस करून कमी रकमेत प्रकरण मिटवायला तयार होतात. रक्कम किरकोळ असताना तो मोह टाळा. ‘तडजोडीनं मिटवलं’ ही नोंद ‘पूर्ण फेडलं’ याहून वाईट दिसते.

दोन्ही कारणांतला फरक काळात आहे. वापरामुळे झालेली घसरण एकदोन महिन्यांत भरून निघते. थकबाकीची नोंद वर्षानुवर्षं राहते. तिचा जोर मात्र ओसरत जातो, कारण किती उशीर, किती वेळा आणि किती अलीकडे, या तिन्हींवर वजन ठरतं. पाच वर्षांपूर्वी एकदा 30 दिवस चुकलेल्या हप्त्यापेक्षा गेल्या महिन्यात चुकलेला हप्ता जास्त बोचतो.

तुमच्या मैत्रिणीचा सल्ला प्रेमानं दिलेला असणार, पण त्यातलं पहिलं वाक्य चुकीचंच आहे. बिल बाकी ठेवल्यानं स्कोअर वाढत नाही. कार्डाचं व्याज मात्र लागतं, आणि ते बाजारातल्या सर्वांत महागड्या व्याजांपैकी असतं. वेळेवर भरल्याची नोंद पूर्ण भरल्यावरही तशीच होते. गरज नसताना छोटं कर्ज काढणंही आत्ता तुम्हाला उलट पडेल: एक नवा अर्ज, एक कोरं खातं आणि हप्त्याचा बोजा, तेही गृहकर्जाच्या तोंडावर. ज्यांच्या नावावर कर्जाचा काहीच इतिहास नाही त्यांचा प्रश्न वेगळा. फायको स्कोअर निघायला निदान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. अशांनी एखादं लहान मर्यादेचं कार्ड घेऊन दोनतीन नेहमीची बिलं त्यावर भरावीत, तेवढं पुरतं. तुमच्याकडे इतिहास आहे.

रागाच्या भरात केलेल्या त्या तीन अर्जांचं काय? कर्ज देणारा तुमचा अहवाल मागवतो तेव्हा त्याची नोंद राहते आणि स्कोअर थोडा उतरतो. एकाच प्रकारच्या कर्जासाठी थोड्या दिवसांत केलेली चौकशी काही पद्धती एकच धरतात. माणूस दर ताडून पाहतोय हे त्यांना समजतं. फायकोच्या नव्या आवृत्त्यांत गृहकर्जासाठी ही मुदत 45 दिवसांची आहे. पण सगळीकडे ही सवलत गृहीत धरू नका. नवा अर्ज आता थांबवा, म्हणजे झालेलं नुकसान किरकोळच राहील.

आता निर्णय. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत: नऊ टक्क्यांनी आत्ताच घ्यायचं किंवा थोडं थांबायचं. वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठ आणि नऊ टक्क्यांतला फरक दर लाखामागे महिन्याला साधारण 32 इतका येतो, आणि 240 हप्त्यांत तो साडेसात हजारांच्या पुढे जातो. तुमचं कर्ज जितक्या लाखांचं, तितक्यांनी याला गुणा. घराचा व्यवहार दोनतीन महिने थांबू शकत असेल तर मी थांबेन. व्यवहार हातचा जाणार असेल तर मात्र अर्ध्या टक्क्यासाठी घर सोडू नका. आत्ताच कर्ज घ्यायचं असेल तर स्कोअर सुधारल्यावर दर कमी करून मिळेल का, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.

थांबायचं ठरलं तर काम सोपं आहे. स्टेटमेंट निघण्याच्या तीनचार दिवस आधी कार्डावरची बहुतेक रक्कम भरून टाका. वरच्या उदाहरणात 40 हजारांपैकी 30 हजार 9 तारखेला भरले, तर 12 तारखेच्या स्टेटमेंटवर 10 हजार दिसतील आणि वापर 10 टक्के होईल. उरलेले 10 हजार नेहमीप्रमाणे मुदतीत भरा. पैसे तेवढेच जातात, फक्त तीन आठवडे आधी. उरलेल्या कार्डाची मर्यादा वाढवून मिळते का तेही विचारा, पण त्यासाठी ते नव्यानं अहवाल मागवणार असतील तर हा नाद सोडा. नवी बाकी ब्युरोकडे पोचून अहवालात उमटायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून सलग दोन स्टेटमेंट अशी जाऊ द्या. मग अहवाल पुन्हा पाहा आणि ज्या संस्थेनं नऊ टक्के सांगितले तिथेच आधी जा. तुमची कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत आणि ताज्या स्कोअरवर फेरविचार करायला त्यांना सोपं जातं.

आणि कर्ज मंजूर झालं म्हणून लगेच नव्या घराच्या सामानाचा खर्च कार्डावर टाकू नका. मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसे हाती येणं यांच्यामध्ये काही संस्था अहवाल पुन्हा एकदा काढून पाहतात.